रस्त्याच्या पोटातले डांबर

पहिल्या पावसात नवा रस्ता उखडला की चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो : "बिल काढताना कुणी बघितलं नाही का?" त्याच्या पाठोपाठ दुसरा माणूस म्हणतो, "आता बघणार तरी काय? घातलं ते खाली गेलं, न घातलं तेही खाली गेलं." पहिल्या प्रश्नात राग आहे, दुसऱ्यात मात्र खरी अडचण आहे. मुरुमावर खडी येते, खडीवर डांबराचा थर, त्यावर आणखी एक. प्रत्येक थर खालच्या थराला कायमचा झाकून टाकतो. लेखापरीक्षक येतो तो वर्ष-दोन वर्षांनी, आणि बसतो कार्यालयातल्या टेबलाशी. तरीही रस्ता न खणता तो सांगू शकतो की पाच सेंटीमीटरचा थर प्रत्यक्षात सव्वाचारच भरला असणार. हे कसे जमते, ते या प्रकरणात पाहू.

लग्नात किती पाने उठली याबद्दल यजमान आणि आचारी यांच्यात वाद झाला, तर जाणती माणसे पंगतीची आठवण काढत बसत नाहीत. पत्रावळी किती आणल्या, तांदूळ किती शिजला, दुकानदाराची चिठ्ठी किती किलोंची, हे विचारतात. पत्रावळीवाल्याला तांदूळवाल्याचा आकडा ठाऊक नसतो, म्हणून दोघांचे आकडे जुळले तर विश्वास ठेवायला जागा असते. रस्त्याच्या लेखापरीक्षेचे तत्त्व एवढेच आहे. मोजमाप एका माणसाने लिहिलेले असते, डांबराचे चलन तेल कंपनीने दिलेले असते, चाचणी प्रयोगशाळेत झालेली असते. एकाच कामाच्या या तीन नोंदी समोरासमोर ठेवायच्या आणि त्या कराराला धरून आहेत का, ते बघायचे.

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांचे असे परीक्षण महालेखाकार कार्यालय करते. जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांकडे प्रामुख्याने स्थानिक निधी लेखापरीक्षेचे पथक जाते. पद्धत दोन्हीकडे जवळपास सारखीच असते.

१. आधी करार उघडायचा

नवखा तपासनीस थेट बिलाला हात घालतो. अनुभवी माणूस आधी करार वाचतो, आणि त्यातही कामाच्या बाबींचे वर्णन शब्दन् शब्द वाचतो. करारात प्रत्येक बाबीपुढे तीन गोष्टी असतात : परिमाण, दर आणि एकक. वर्णनात लिहिलेले असते की या दरात काय काय आले. पुष्कळदा पैसे तिथेच सांडतात. उदाहरणार्थ, डांबराचा नवा थर टाकण्याआधी जुना पृष्ठभाग झाडून साफ करावा लागतो. चिकट थराच्या, म्हणजे टॅक कोटच्या, बाबीत ही सफाई धरलेली असेल आणि बिलात 'पृष्ठभाग साफ करणे' ही वेगळी बाब दिसली, तर एका कामाचे पैसे दोनदा गेले. यासाठी रस्त्यावर जावे लागत नाही, नुसते वाचावे लागते.

एककाकडेही लक्ष हवे. काही थरांचे पैसे घनमीटरने दिले जातात, काहींचे चौरस मीटरने. वीस मिलिमीटरच्या कार्पेटचे पैसे चौरस मीटरने मिळत असतील, तर मोजमापात फक्त लांबी-रुंदी येईल, जाडी येणारच नाही. मग जाडीची खात्री खडी आणि डांबराच्या वापरावरूनच करावी लागते. अशा बाबींत थर पातळ करण्याचा मोह अधिक होतो, कारण पातळपणा कागदावर कुठेच उमटत नाही.

यापुढे एक उदाहरण धरून चालू. रस्ता कल्पित आहे आणि आकडे सोपे घेतले आहेत, पण त्यात जे घडते ते तपासणीत भेटतेच. जिल्हा मार्गाचा ३ किलोमीटरचा तुकडा, साखळी क्रमांक १२/४०० ते १५/४००. साखळी म्हणजे रस्त्याच्या आरंभापासूनचे अंतर. १२/४०० म्हणजे बारा किलोमीटर चारशे मीटर. रुंदी ५.५ मीटर. खडीच्या पायावर ५० मिलिमीटर जाडीचा दाट डांबरी थर टाकायचा आहे. अभियंते त्याला डीबीएम म्हणतात. दर घनमीटरला ९,००० रुपये. करारातले परिमाण असे निघते :

३,००० × ५.५ × ०.०५ = ८२५ घनमीटर

२. मोजमाप पुस्तक कसे वाचायचे

मोजमाप पुस्तक, बोलीभाषेत 'एम.बी.', हे बांधकाम खात्यातले सर्वांत महत्त्वाचे पुस्तक. ठेकेदाराला जाणारा प्रत्येक रुपया याच्या एखाद्या पानातून निघतो. शाखा अभियंता जागेवर मोजमाप घेऊन त्यात लिहितो, उपअभियंता तपासतो, कार्यकारी अभियंता ठरावीक भागाची स्वतः पडताळणी करतो. पुस्तकाला क्रमांक असतो, पानांवर छापील आकडे असतात आणि पान फाडायला मनाई असते. खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एक रेघ मारून वर नवा आकडा लिहायचा आणि शेजारी तारखेसह सही करायची. पैसे दिले की त्या मोजमापांवर लाल शाईची तिरकी रेघ येते आणि प्रमाणकाचा क्रमांक लिहिला जातो, म्हणजे तेच पान पुन्हा दुसऱ्या बिलाला जोडता येत नाही.

हे नियम वाचताना कारकुनी वाटतात. पण यातला प्रत्येक नियम कधीतरी झालेल्या लबाडीनंतर आलेला दिसतो. लाल रेघ नसलेले पान सापडले, तर ते दुसऱ्या बिलातही वापरले आहे का, हे मी सर्वांत आधी बघेन.

आता आपल्या रस्त्याकडे. डीबीएमची मोजमापे दोन चालू देयकांत आली आहेत. मोठ्या कामाचे पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे म्हणून मध्येच जी बिले काढतात ती चालू देयके. पहिल्यात साखळी १२/४०० ते १४/१०० असे १,७०० मीटर आहेत. दुसऱ्यात १४/००० ते १५/४०० असे १,४०० मीटर. दोन्ही नोंदी एकेकट्या वाचल्या तर निर्दोष आहेत : लांबी बरोबर, गुणाकार बरोबर, सह्या आहेत. शेजारी ठेवल्या की लक्षात येते, १४/००० ते १४/१०० हे शंभर मीटर दोनदा मोजले गेले. बेरीज ३,१०० मीटरची झाली, रस्ता मात्र ३,००० मीटरचा आहे.

१०० × ५.५ × ०.०५ = २७.५ घनमीटर
२७.५ × ९,००० = २,४७,५०० रुपये

मोजमापांची तपासणी करताना म्हणूनच साखळीची एक पट्टी कागदावर आखून घेतात आणि प्रत्येक बिलातला तुकडा तिच्यावर रंगवतात. कुठे रंग दोनदा चढला आणि कुठे कोरा राहिला, ते डोळ्यांना लगेच दिसते. मध्ये एखादा जुना काँक्रीटचा भाग किंवा आधीच डांबरी असलेला गावातला तुकडा असेल, तर त्याची वजावट झाली आहे का, हेही याच पट्टीवर कळते.

मोजमापाच्या तारखाही बोलतात. महिनोन् महिने कोरे असलेले पुस्तक २८ ते ३१ मार्चदरम्यान पानेच्या पाने भरते, तेव्हा निधी व्यपगत होऊ नये म्हणून आधी बिल आणि मग काम, असा प्रकार झाला नाही ना, ते बघावे लागते. त्यासाठी शाखा अभियंत्याचा त्या दिवसांचा दौरा, गाडीची लॉगबुक आणि कामावरच्या रोलरची नोंद काढतात. एकाच दिवशी एकच माणूस चाळीस किलोमीटर अंतरावरच्या दोन कामांवर तपशीलवार मोजमाप घेताना दिसला, तर त्यातले एक मोजमाप टेबलावर झालेले असते.

३. डांबराची चलने

दुबार मोजलेले शंभर मीटर वजा केले. उरले ८२५ घनमीटर, करारात होते तेवढेच. लांबी आणि रुंदी आजही टेप लावून बघता येते. जाडी झाकली गेली आहे. इथून पुढचा शोध जाडीचा.

डीबीएम म्हणजे खडी आणि डांबर यांचे गरम मिश्रण. कुठल्या आकाराची खडी किती आणि डांबर किती, याचा आराखडा प्रयोगशाळेत ठरवून काम सुरू होण्याआधी मंजूर करतात. त्याला जॉब मिक्स म्हणतात. आपल्या कामाच्या जॉब मिक्समध्ये एका घनमीटर दाबलेल्या मिश्रणाचे वजन २.४ टन आणि त्यातले डांबर वजनाच्या ४.५ टक्के आहे. मग :

८२५ × २.४ = १,९८० टन मिश्रण
१,९८० × ४.५ ÷ १०० = ८९.१ टन डांबर

रस्ता जर खरोखर पाच सेंटीमीटर जाड असेल, तर ८९ टनांच्या आसपास डांबर विकत घेतलेलेच असले पाहिजे. खडी जवळच्या खाणीतून येते, तिच्या पावत्या हव्या तशा मिळू शकतात. डांबर तसे नाही. ते मुंबईच्या माहूलसारख्या ठिकाणच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून टँकरने येते. प्रत्येक टँकरबरोबर क्रमांक, तारीख, वाहन, प्रत आणि काट्यावरचे वजन लिहिलेले चलन असते. चलन देणाऱ्याला आपल्या रस्त्याशी काही देणेघेणे नसते. त्यामुळे रस्त्याच्या सगळ्या कागदपत्रांत हा कागद मला सर्वांत भरवशाचा वाटतो, आणि म्हणूनच बिलासोबत मूळ चलन जोडायला लावतात.

आपल्या फाइलमध्ये पाच चलने आहेत. वजने अशी : १९.८६, १८.९४, १९.४२, १८.१८ आणि १२.७० टन. बेरीज बरोबर ८९.१०.

इथे नवखा माणूस समाधानाने मान डोलावतो आणि जुना माणूस पेन्सिल उचलतो. टँकर कधी मागणीच्या हिशेबाने दशांश चिन्हापर्यंत भरून येत नाहीत. प्रत्यक्ष कामात थोडे डांबर प्लँटच्या टाकीत उरते, थोडे वाया जाते, काही खोलगट जागी थर अंमळ जाड होतो. खऱ्या हिशेबात दोन-तीन टनांचा फरक असतोच. बेरीज सिद्धांताशी काट्यावर काटा जुळली, तर शेवटचा आकडा जुळवण्यासाठी आणला असावा, ही शंका येते.

पाचवे चलन वेगळे काढून दोन गोष्टी बघायच्या. पहिली, तारीख. डांबर कामाच्या आधी किंवा काम चालू असताना यायला हवे. थर पूर्ण झाल्यानंतरच्या तारखेचा टँकर त्या थरात कसा जाईल? दुसरी, चलन क्रमांक. त्याच विभागातल्या त्या वर्षीच्या इतर डांबरी कामांच्या बिलांमधली चलने एका तक्त्यात उतरवायची आणि क्रमांकाच्या क्रमाने लावायची. आपल्या उदाहरणात १२.७० टनांचा हा टँकर आणखी एका रस्त्याच्या बिलातही जोडलेला निघतो. तिथे मूळ प्रत आहे, इथे झेरॉक्स. त्यामुळे तो त्या रस्त्याचा धरायचा. आपल्याकडे उरले ७६.४ टन.

आता उलटा हिशेब करू. ७६.४ टन डांबरात ४.५ टक्क्यांच्या प्रमाणाने मिश्रण किती बनेल?

७६.४ ÷ ०.०४५ = सुमारे १,६९८ टन
१,६९८ ÷ २.४ = सुमारे ७०७ घनमीटर

हे ७०७ घनमीटर १६,५०० चौरस मीटर क्षेत्रावर पसरले, तर जाडी भरते सुमारे ४३ मिलिमीटर. कराराप्रमाणे ५० हवी होती.

ठेकेदार म्हणू शकतो की जाडी पूर्ण पन्नास आहे. मग १,९८० टन मिश्रणात फक्त ७६.४ टन डांबर गेले, म्हणजे ३.८६ टक्के. जॉब मिक्सपेक्षा डांबर थोडे कमी-जास्त चालते, पण ती सूट ०.३ टक्क्यांची आहे, ४.५ च्या जागी ४.२ पर्यंत खपेल, ३.८६ नाही. थर पातळ असो की कोरडा, करारातले काम झालेले नाही. दोहोंपैकी काय घडले, ते मात्र अजून कळलेले नाही. त्यासाठी तिसरी नोंद उघडावी लागते.

डांबर कागदावर आले आणि रस्त्यावर आले नाही, याचे देशातले गाजलेले उदाहरण १९९० च्या दशकातले बिहारचे आहे. हल्दियाहून उचललेले डांबर रस्ते विभागाकडे पोहोचलेच नाही, असे ते प्रकरण होते. 'अलकतरा घोटाळा' या नावाने ते ओळखले जाते आणि त्याचा तपास सीबीआयकडे गेला. अलकतरा म्हणजे हिंदीत डांबर.

४. चाचण्यांची नोंदवही

मिश्रणात डांबर किती आहे हे बघण्याची चाचणी सोपी आहे. ताज्या मिश्रणाचा नमुना घेऊन वजन करायचे, एका फिरत्या भांड्यात द्रावकाने डांबर धुऊन काढायचे, उरलेली खडी वाळवून पुन्हा वजन करायचे. कमी झालेले वजन म्हणजे डांबर. किती मिश्रणामागे अशा किती चाचण्या करायच्या, ते विनिर्देशांत, म्हणजे कामाच्या तांत्रिक अटींत, दिलेले असते. आपल्या कराराला लागू असलेली अट धरू : दर ४०० टनांमागे एक आणि दिवसाला किमान दोन. १,९८० टनांना पाच चाचण्या पुरतात, पण प्लँट चार दिवस चालला, म्हणून आठ हव्यात.

नोंदवहीत आठ चाचण्या आहेत. संख्या पुरी आहे. पण निकाल असे : ४.५१, ४.५०, ४.५२, ४.५०, ४.५१, ४.५१, ४.५०, ४.५२.

खरी चाचणी इतकी शहाण्यासारखी वागत नाही. नमुना कुठल्या गाडीतून घेतला, त्यात मोठी खडी जास्त आली की बारीक, यावर आकडा हलतो. चांगल्या प्लँटच्या कामातही ४.३२, ४.६१, ४.४४ असे निकाल दिसतात. निकालांत नैसर्गिक चढउतार नसणे, हे नोंदवही एका बैठकीत भरल्याचे पहिले लक्षण. आपल्या नोंदवहीत दुसरेही आहे. आठपैकी दोन चाचण्यांवर जी तारीख आहे, त्या दिवशी प्लँटच्या लॉगबुकात 'पावसामुळे बंद' असा शेरा आहे. प्लँट बंद असताना ताजे मिश्रण आले कुठून?

तिसरी जागा म्हणजे कच्च्या वजनांची पाने. प्रत्येक टक्केवारीमागे नमुन्याचे आधीचे वजन, नंतरचे वजन आणि गाळणकागदाचे वजन लिहिलेले असले पाहिजे. ही पाने मागितली की बनावट नोंदवहीची पंचाईत होते, कारण शेवटचा आकडा बनवणे सोपे, त्याच्या मागची वजने बनवणे त्रासाचे.

डीबीएमच्या खालच्या खडीच्या थराची गोष्ट निराळी, पण लक्षणे तीच. तो नीट दाबला गेला का, हे बघायला थरात लहान खड्डा करतात, निघालेल्या मालाचे वजन करतात आणि खड्डा माहीत असलेल्या घनतेच्या वाळूने भरून त्याचे आकारमान काढतात. मालातला ओलावाही मोजावा लागतो. अशी एक चाचणी नीट करायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. एकाच सहायकाच्या नावावर एकाच दिवशी तीन किलोमीटरभर विखुरलेल्या सतरा चाचण्या दिसल्या, तर घड्याळ हाच पुरावा होतो.

आणखी एक तारीख जुळवून पाहावी : बिल मंजूर झाल्याची आणि चाचणीचा अहवाल आल्याची. अहवाल नंतरचा असेल, तर निकाल न बघता पैसे दिले गेले. निकाल चांगला आला तरी ही चूक उरतेच.

५. गाभा काढणे

नोंदवहीवर विश्वास उरला नाही, की रस्त्यालाच विचारावे लागते. लेखापरीक्षक स्वतः यंत्र घेऊन जात नाही. तो खात्याला संयुक्त पाहणी मागतो. खात्याचा अभियंता आणि शक्य असेल तर ठेकेदार हजर असतात. गोल पातीच्या यंत्राने डांबरी थरातून नळकांड्यासारखे तुकडे कापतात. त्यांना गाभे किंवा सरळ 'कोअर' म्हणतात. जागा ठेकेदाराने दाखवायच्या नसतात. साखळी क्रमांक आधी चिठ्ठीवर ठरवून मग त्या ठिकाणी जायचे.

समजा सहा गाभे निघाले आणि त्यांची जाडी ४१ ते ४५ मिलिमीटरच्या दरम्यान भरली. आता चलने आणि गाभे एकच गोष्ट सांगत आहेत. थर पातळ आहे. डांबराचे प्रमाण बहुधा ठीक आहे. मोजमाप पुस्तकातला ५० हा आकडा मोजलेला नव्हता, करारातून उतरवलेला होता. ८२५ आणि ७०७ मधला फरक ११८ घनमीटर, म्हणजे सुमारे १० लाख ६२ हजार रुपये. दुबार मोजमापाचे २ लाख ४७ हजार वेगळे. गाभे पूर्ण पन्नास निघाले असते, तर मग ते प्रयोगशाळेत फोडून डांबराचे प्रमाण बघावे लागले असते.

वसुलीचा हा आकडा खरे तर नुकसानीपेक्षा लहान आहे. ४३ मिलिमीटरचा थर ५० च्या थराइतका भार आणि तितकी वर्षे पेलत नाही. म्हणून नुसती ७ मिलिमीटरची किंमत कापून प्रकरण मिटवायचे, की दोषदायित्व कालावधीत ठेकेदाराकडून वर आणखी थर टाकून घ्यायचा, हे कराराच्या अटी पाहून ठरवावे लागते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या कामांना हा कालावधी पाच वर्षांचा असतो. तो संपण्याआधी आक्षेप निघाला, तरच त्याचा उपयोग.

६. जी जमीन उरत नाही

डांबराला चलन असते. मातीला असा भरवशाचा साक्षीदार नसतो. भराव टाकण्याआधी मूळ जमिनीच्या पातळ्या घेतात, भराव झाल्यावर पुन्हा घेतात, आणि दोहोंतल्या फरकावरून माती मोजतात. मूळ जमीन भरावाखाली गेली की तिची एकच साक्ष उरते, लेव्हल बुक. तिथे जमीन नुसती वीतभर खाली दाखवली तरी काय होते बघा. ६०० मीटर लांब, सरासरी ९ मीटर रुंद भरावात मूळ पातळी १५ सेंटीमीटर खाली लिहिली :

६०० × ९ × ०.१५ = ८१० घनमीटर

कधीच न टाकलेली ही माती आहे. ती पकडायची तर पातळ्यांची दुसरी नोंद शोधावी लागते. अंदाजपत्रक करताना सर्वेक्षणात त्याच साखळीवर घेतलेल्या पातळ्या असतात. जुन्या मोरीच्या तळाची पातळी तिच्या नकाशात असते. काम सुरू झाल्यानंतरच्या तारखेच्या 'मूळ' पातळ्या तर वाचल्याबरोबर बाजूला काढाव्यात.

मुरूम बाहेरून आणला असेल, तर गौण खनिजाच्या स्वामित्वधनाचे पास असतात. ते ब्रासमध्ये असतात. एक ब्रास म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. पासांचे ब्रास आणि मोजमापाचे घनमीटर जुळायला हवेत, आणि पासवरचे वाहन मुरूम वाहणारे हवे. माल वाहिल्याचे दाखवलेले वाहन क्रमांक स्कूटर आणि रिक्षांचे निघाल्याचे आक्षेप महालेखापरीक्षकांच्या अहवालांत आलेले आहेत. उलट बाजूही तपासावी : रस्त्याच्याच खोदाईतून निघालेला चांगला मुरूम भरावात वापरला असेल, तर तो बाहेरून आणल्याचा दर द्यायचा नसतो.

७. खात्याचे उत्तर

लेखापरीक्षकाचा आक्षेप हा निकाल नसतो. आधी अर्ध-समास टिपण जाते; कोऱ्या सोडलेल्या अर्ध्या बाजूला खाते आपले उत्तर लिहिते. ही उत्तरे नेहमीच सबब नसतात. डांबर कमी दिसते कारण ठेकेदाराच्या प्लँटच्या टाकीत आधीच्या कामाचे १० टन शिल्लक होते, असे उत्तर आले आणि साठा नोंदवहीत ती शिल्लक तारखेसह दिसली, तर आपला ४३ मिलिमीटरचा हिशेब ढासळतो. जॉब मिक्स मध्येच बदलून मंजूर झाले असेल, तरी ढासळतो. कागदाने शंका उभी राहते, खात्री गाभ्यानेच होते, आणि आक्षेप लिहिताना एवढा फरक पाळला नाही तर चांगला आक्षेपही पडतो.

काही गोष्टी या पद्धतीला सापडतच नाहीत. वर नवा थर चढला की जाडीचा वाद अवघड होतो. वाहतुकीने दबलेल्या थराची आजची घनता पाहून, तो टाकताना नीट दाबला होता का, ते सांगता येत नाही. मिश्रण थंड झाल्यावर रोलर फिरवला असेल, तर चलने, जाडी आणि प्रमाण सगळे बरोबर असूनही रस्ता लवकर उखडतो. आणि निविदेतच पाच सेंटीमीटर ऐवजी आठ हवे होते, ही चूक असेल, तर मोजमाप पुस्तक निर्मळ निघेल आणि रस्ता तरीही टिकणार नाही. तो दोष आराखड्याचा, आणि त्याची तपासणी वेगळी.

८. तुमच्या गावचा रस्ता

हा हिशेब करायला लेखापरीक्षक असावे लागत नाही. गुणाकार-भागाकार येत असला की पुरे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये 'माहितीचा अधिकार' या शब्दांची जी व्याख्या आहे, तिच्यात कागदांच्या प्रमाणित प्रतींबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पुष्कळांना हे ठाऊक नसते आणि ते नुसते 'रस्त्याच्या कामाची सर्व माहिती' मागतात. मग दोनशे पानांचा गठ्ठा येतो आणि त्यात हवे ते पान नसते.

अर्ज करताना नेमके मागा : करारातील बाबींचा तक्ता, अंतिम देयकाशी संबंधित मोजमाप पुस्तकाची पाने, मंजूर जॉब मिक्स, डांबराची सर्व चलने आणि गुणवत्ता चाचण्यांची नोंदवही कच्च्या वजनांसह. दहा रुपयांचे शुल्क लागते आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. कागद आले की आधी साखळीची पट्टी आखा, मग क्षेत्रफळ काढा, मग डांबर. दोषदायित्व कालावधी संपायच्या आत हे करा.